जमुनाबाईच्या चाळणीचा भाव

लोकेंद्रने विषय काढला तो अगदी सहज, पोतं टेम्पोत टाकता टाकता. दर मंगळवारी तो तिरोड्याहून पिंपरटोल्याला यायचा, धान कुटायच्या उदारामच्या हालरमधला कोंडा आणि कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, मोजून घ्यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. सात वर्षांत त्याचं दुसरं काही बोलणं नव्हतं. त्या मंगळवारी मात्र त्याने पत्र्याच्या शेडकडे वर बघितलं, भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, काकाजी, हे हालर विकायचा कधी विचार आला का मनात?

आता असं काही विचारलं की माणसाने निदान दोन दिवस तोंड मिटून बसावं. पण उदाराम पडला सरळ माणूस. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं, आणि रात्रीच्या जेवणाआधी त्याने गोंदियाला नीतूला फोन लावला होता. नीतू त्याची थोरली लेक. बी.कॉम. झालेली, गोंदियातच दिलेली, आणि तिथल्याच एका टॅक्सवाल्या वकीलसाहेबांकडे कामाला. लोकांच्या दुकानांचे, गिरण्यांचे हिशेब ती लिहायची. बापाच्या मते हिशेबातलं तिला कळत नाही असं काही जगात नव्हतं.

"पोरी, रविवारी येजो," तो म्हणाला. "आपल्या हालरची किंमत काढून देजो. गिऱ्हाईक आलं आहे."

फोन ठेवल्यावर नीतूने रविवारच्या पहिल्या बसची वेळ काढून ठेवली. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचं कारण हालर नव्हतं. कारण होती तिची माय.

दोन हजार सातचं साल होतं ते. दिवाळीनंतर जमुनाबाईचा खोकला वाढला म्हणून नीतूने तिला हट्टाने गोंदियाच्या डॉक्टरकडे आणलं. डॉक्टरने फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं, आणि विचारलं की ही बाई काम काय करते. हालरात चाळते म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. औषधं देतो, पण त्यांचा उपयोग अर्धाच, म्हणाला. या धुळीतून हिला आता बाहेर काढा, उद्या परवा नाही, आता. नीतूने ते बापाला जसंच्या तसं सांगितलं. उदाराम त्या दिवशी जेवला नाही. पण बाहेर काढायचं म्हणजे काय करायचं? दोन एकर जमीन, ती भावाशी सामाईक. बाकी सगळं हालरवर. तिरोड्यात बसस्टँडमागे एक किराणा दुकान निघालं होतं, मागे राहायला खोली, पुढे चालता गल्ला. मालक साडेतीन लाख म्हणत होता आणि खाली उतरत नव्हता. साडेतीन लाख आले की माय धुळीतून सुटली, इतकं सोपं होतं ते.

रविवारी नीतू पोचली तर बापाने किंमत आधीच काढून ठेवलेली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, मोठ्या अक्षरात.

त्याचा हिशेब असा होता. गावची माणसं धान घेऊन येतात, तो कुटून देतो आणि पैसा एक घेत नाही. कुटाईच्या बदल्यात कोंडा, कनकी आणि फोल, म्हणजे वरचं तूस, हालरवाल्याचं. ही त्या भागातली जुनी रीत. त्याच्या बापानेही तेच केलं होतं, तेव्हा वीज नव्हती, नुसतं इंजिन होतं. तर वर्षभरात सगळं विकून येतात एक लाख पस्तीस हजार. विजेचं बिल, लोडशेडिंग असलं की इंजिनचं डिझेल, पट्टे, जाळ्या, मिळून जातात पंचावन्न हजार. उरतात ऐंशी. जमीन घ्यायची तर लोक पाच वर्षांचं पीक धरतात, मग हालरलाही पाच वर्षांची कमाई धरायची. ऐंशी पंचे चारशे, म्हणजे चार लाख.

"अन् मशीन, शेड, जागा वेगळी," उदाराम म्हणाला. "पर ते आपण सोडून देऊ. लोकेंद्र घरचाच पोरगा आहे."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. पण नीतूला हसू आलं नाही. तिने आकडे तपासले, विजेची बिलं पाहिली, लोकेंद्रच्या चिठ्ठ्या लावून बेरीज केली. बापाने एका रुपयाचीही थाप मारलेली नव्हती. ऐंशी खरोखरच उरत होते. चार लाख! दुकान घेऊन वर पन्नास हजारांचा माल भरता येईल. ती उठून आतल्या अंगाला गेली तर माय तोंडाला पदर गुंडाळून मोठी चाळणी हलवत बसलेली होती.

इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या जुन्या हालरमधून तांदूळ वेगळा पडतो, पण कोंडा, फोल आणि कनकी यांचा एकच ढीग पडतो. तो तसाच विकला तर मातीमोल, गुरांच्या आंबोणात घालायला. जमुनाबाई तो ढीग तीन चाळण्यांतून काढायची. खाली बारीक, तेलकट, पिवळसर कोंडा, मध्ये कनकी, वर फोल. तिचा कोंडा मुठीत दाबला तर त्याचा लाडू व्हायचा. लोकेंद्र त्याला इतरांपेक्षा जास्त भाव द्यायचा आणि बोरीवर वेगळी खूण करायचा. सत्तावीस वर्षं ती हे करत होती, लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. पिवळी धूळ तिच्या भुवयांवर बसलेली असायची, आणि लहानपणी नीतूला वाटायचं की मायच्या भुवयांचा रंगच तसा आहे.

सोमवारी तिने कागद वकीलसाहेबांपुढे ठेवला. थोडं मिरवायलाच ठेवला म्हणा ना. साहेब हिंदीत बोलणारा, कमी बोलणारा, पण कामाचा माणूस. त्याने कागद एकदाच वाचला.

"चलाता कौन है?" त्याने विचारलं.

"बाबूजी."

"और छानता कौन है?"

"माय."

"इनकी तनख्वाह कहाँ लिखी है?"

नीतू म्हणाली, घरचीच माणसं आहेत साहेब. साहेबाने चष्मा काढला. ओरडला नाही, उलट हळूच समजावलं. घेणारा माणूस तुझा बाप विकत घेणार नाही, आईही नाही. उद्या हे दोघं उठून गेले की त्यांच्या जागी त्याला माणसं लावावी लागतील, आणि त्यांना मजुरी द्यावी लागेल. ती मजुरी काढल्यावर जे उरतं ती धंद्याची कमाई. तिला पाचाने गुण, दहाने गुण, मला काही म्हणायचं नाही. पण आधी ती काढ.

तिने काढली. हालर चालवणारा माणूस महिना तीन हजारांखाली मिळणार नाही, वर्षाचे छत्तीस. चाळायला? एक बाई तेवढं काम करूच शकणार नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दोन बाया लागतील. साठ रुपये रोज, तीनशे दिवस, दोघींचे छत्तीस. ऐंशीतून बहात्तर गेले. राहिले आठ. मशीनची दरवर्षी झीज होते, त्याचे साहेबाने दहा धरायला लावले. उणे दोन हजार.

 पाच काय आणि दहा काय, उण्याला कशानेही गुणलं तरी उणंच. कमाईवर काढायला किंमतच नाही म्हटल्यावर मग वस्तूंची किंमत. हालर आणि मोटर जुन्याच्या भावाने पंचेचाळीस, इंजिन पंधरा, शेड वीस, जागा साठ. एक लाख चाळीस हजार. साहेबाने मान हलवली, बरोबर आहे म्हणाला, आणि दुसरी फाईल उघडली.

घरी जाताना बसमध्ये तिला खरं काय ते समजलं. सत्तावीस वर्षं त्यांच्या घराने हालरची कमाई खाल्ली असं ते समजत होते. हालरने कधी काही कमावलंच नव्हतं. ते मायची आणि बाबूजींची न दिलेली मजुरी खात होते. तिचं बी.कॉम. त्याच मजुरीवर झालं होतं. आणि मायला धुळीतून काढायचं म्हणजे ज्याची किंमत येणार होती तेच काढून घ्यायचं. हे तिला आधी का सुचलं नाही? रोज दहा लोकांचे हिशेब लिहिणारी ती, आणि घरचं तेवढं दिसलं नाही. स्वतःचा तिला इतका राग आला की खिडकीकडे तोंड करून ती रडली.

तिच्या मनात आलं, मायची ओळ गाळून टाकावी. छत्तीस हजार परत वर येतील, पाचाने गुणून पावणेदोन लाखांच्या आसपास किंमत बसेल, लोकेंद्र काही वकील नाही. पण लोकेंद्र दर मंगळवारी तो कोंडा मुठीत दाबून बघत होता. त्याच्यापासून लपणार काय होतं?

पुढच्या रविवारी तिने बापाला सांगितलं. उदारामला पहिल्यांदा कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तो भडकला.

"घरच्या बाईची कायची मजुरी?" तो म्हणाला. "मंग तिनं रांधलेल्या भाकरीचेही पैसे लाव. मी श्वास घेतो त्याचेही लाव. कोण शिकवलं तुले हे?"

नीतूने परत समजावलं, साहेबाने समजावलं होतं तसंच. तो ऐकत गेला तसतसा खाली बसत गेला. शेवटी म्हणाला की ठीक आहे, तुझं शास्त्र तुझ्यापाशी, पण आपल्या धंद्याला काही नाव आहे की नाही? गुडविल म्हणतात ना गोंदियाचे लोक? दहा गावांत उदारामच्या कोंड्यासारखा कोंडा नाही. लोकेंद्रने तो होताना कधी पाहिलेलाच नाही, आयती पोती तेवढी उचलतो. मंगळवारी मी त्याला दाखवतो. हातच्या कंकणाला आरसा कशाला!

जमुनाबाई उंबऱ्यात उभी होती. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे. ती खोकली आणि आत गेली.

मंगळवारी नीतू सुट्टी घेऊन आली. पुढे कित्येक वर्षं तिला तो मंगळवार आठवायचा, आणि दर वेळी एकच वाटायचं, मी उठून मायचा हात का धरला नाही. कारण त्या दिवशी उदारामने केलं ते त्याच्यासारख्या अभिमानी, भोळ्या माणसालाच सुचावं. त्याने लोकेंद्रला खाट टाकून बसवलं, चहा दिला, ढिगातलं एक आख्खं पोतं जमिनीवर ओतलं आणि बायकोला हाक मारली. पावणा आला की घरातलं चांगलं ताट काढतात, तशी.

जमुनाबाईने नवं लुगडं नेसलं होतं. ती बसली, पदर तोंडाला बांधला आणि चाळणी उचलली. आणि खरं सांगायचं तर बघत राहावं असंच होतं ते. मनगटाला एक झटका, मग एक फेर, मग पुन्हा झटका. कनकीचा दाणा कोंड्यात पडत नव्हता, फोलाचं कसपट कनकीत राहत नव्हतं. अर्ध्या तासात पोत्याचे तीन ढीग झाले. मध्ये दोनदा तिला चाळणी खाली ठेवून खोकावं लागलं. दुसऱ्या वेळी ती भिंतीला टेकली आणि श्वास जागेवर येईपर्यंत तशीच राहिली. मग पुन्हा उचलली. मालाला कमीपणा येऊ नये म्हणून ती उचलते आहे, हे नीतूला दिसत होतं.

लोकेंद्रने कोंडा तळहातावर घेतला, अंगठ्याने चोळला.  तो वाईट माणूस नव्हता हे सांगायलाच हवं, आपल्याला राग येईल म्हणून त्याला वाईट करून चालायचं नाही.

"नीतूताई, तुम्ही हिशेब केलाच असन," तो म्हणाला. नीतूने खाली पाहिलं. "मीही केला. मी चाळायला दोन बाया धरल्या होत्या. आता वाटते तीन लागतीन, अन् तरी असा माल नाही निघायचा."

मग त्याने त्याचं सांगितलं, सरळ आणि स्वच्छ. नुसतं हालर, शेड आणि जागा, तर एक लाख चाळीस. नीतू दचकली, तोच आकडा. पण काकी राहत असतील, तर त्याच्याकडे आणखी चार हालरांचा ढीग येतो, तो सगळा तो इथे आणून टाकेल. एक लाख चाळीस कागद होताना, आणि पुढची तीन वर्षं काकी चाळणीवर असतील तोवर वर्षाला ऐंशी हजार. मिळून तीन लाख ऐंशी. रोजची मजुरी वेगळी देईन. ती मध्येच थांबली तर पुढचे ऐंशी थांबतील.

"काकाजी, तुमच्या हालरची किंमत नाही," तो शेवटी म्हणाला, आणि आवाज त्याने कमी केला. "किंमत काकीच्या हाताची आहे. मी तं तेवढीच देऊ शकतो."

 तीन लाख ऐंशी. दुकान साडेतीनलाच होतं. आणि तीन वर्षं, पाच हालरांची धूळ. डॉक्टरने काय सांगितलं ते खाटेवर बसलेल्या माणसाला माहीत नव्हतं, बाकी तिघांना माहीत होतं.

जमुनाबाईने तोंडावरचा पदर सोडला. "तीन वर्षं तं मी काढीन," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. "हो म्हणा."

उदाराम उठला.  "मी हालर विकून राहिलो," तो म्हणाला. "बायको नाही विकून राहिलो. जा बाबा तू."

नीतूला त्या क्षणी बापाचा फार अभिमान वाटला. लोकेंद्रने हात जोडले, काकी माफ करजा म्हणाला, ठरलेली पोती मोजून नेहमीच्या भावाने घेतली, पैसे दिले आणि टेम्पो सुरू केला. गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

पण नाही म्हटल्याने पोट भरत नाही. तिरोड्याचं दुकान महिन्याभरात दुसऱ्याने घेतलं. एक लाख चाळीसमध्ये घ्यायला दुसरं काही नव्हतं, आणि तेवढ्यात विकून खायचं म्हटलं तर दोन-तीन वर्षांत रस्त्यावर. धान तर येतच होतं. उदारामने मग बायकोला अंगणातच बसवलं, शेडची पायरी चढू दिली नाही, आणि मोटर बंद केल्यावर स्वतः चाळायला बसला. त्याचे हात लोखंडाच्या कामाचे. चाळणी फिरायच्या ऐवजी आपटायची. पहिल्या मंगळवारी लोकेंद्रने कोंडा चोळला, फोल टोचलं, आणि भाव पाडला. दुसऱ्या मंगळवारी निम्मा. देवकाबाई म्हणून शेजारीण होती, तिला साठ रुपये रोजावर लावलं, तर सहा दिवसांत तिचे डोळे सुजले आणि ती यायची बंद झाली. विजेचं बिल भरायची तारीख गेली.

त्यानंतरच्या रविवारी नीतू आली तेव्हा गल्लीतूनच तिला आवाज ऐकू आला. झटका, फेर, झटका. ती शेडमध्ये धावली. माय चाळणीवर बसली होती. बाप दारात उकिडवा, तिच्याकडे पाठ करून.

"बाबूजी, हे काऊन?" नीतूने विचारलं.

त्याने मान वर केली नाही. आपणच तिच्या हातात चाळणी दिली, एवढंच तो म्हणाला. शुक्रवारी, येत्या मंगळवारचा माल पुरा करायचा होता म्हणून.

हेच करायचं होतं तर तीन लाख ऐंशी काय वाईट होते? नीतूच्या ओठावर आलं होतं ते. तिने गिळलं. त्यालाही ते कळत होतं, त्याच्या पाठीवरूनच दिसत होतं. नीतूने अंगणात जाऊन लोकेंद्रला फोन करून सौद्याचं विचारूनही पाहिलं. त्याने केशोरीकडे एक हालर घेतलं होतं, गेल्या आठवड्यात कागद झाले होते.

निघताना जमुनाबाईने तिला बाजूला बोलावलं. तू केलेला कागद आहे का, म्हणाली. नीतूच्या पर्समध्ये तो होता. मायला लिहिता-वाचता यायचं नाही, पण आकडे ओळखू यायचे. तिने पिवळ्या बोटाने ओळीवरून ओळ शोधली.

"हे माह्यं आहे?"

"हो. छत्तीस हजार. एका वर्षाचे."

"बाप्पा," जमुनाबाई म्हणाली. "एवढे?" आणि ती हसली, खरोखर खूश होऊन हसली. सत्तावीस वर्षांत तिच्या कामाचा आकडा कुणी तिला सांगितला नव्हता. तिने तो कागद घडी करून चोळीत ठेवला, पदर पुन्हा तोंडाला बांधला, आणि राहिलेलं पोतं ओतायला नवऱ्याला हाक मारली.